वर्तुळ, पिन आणि फेरी : जाहिरातीच्या आकड्यांवरून घरपोच सेवेची हद्द कशी आखावी

कॉटन ग्रीन स्टेशनवर कंपासचं टोक ठेवा आणि तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा. पश्चिमेला लालबाग, करी रोड आणि लोअर परळ येईल, दक्षिणेला भायखळा, उत्तरेला शिवडी आणि परळ. पूर्वेला मात्र रुळ ओलांडले की बंदराची जमीन, गोदामं, त्यापुढे शिवडीचा चिखलपट्टा आणि समुद्र. म्हणजे वर्तुळाच्या एका मोठ्या तुकड्यात डबा मागवणारं घरच नाही. उरलेल्या भागात घरं खच्चून आहेत, पण त्यांतल्या अनेकांपर्यंत पोचायला मध्य रेल्वेचे रुळ ओलांडावे लागतात आणि तेही ठरावीक पुलांवरूनच.

तरी घरपोच सेवा सुरू करणारे बहुतेक जण हद्द अशीच ठरवतात : ‘आमच्यापासून तीन किलोमीटर’. नाहीतर चार-पाच पिनकोड लिहून ठेवतात. मग जाहिरात लावतात, आणि जिथून ऑर्डर स्वस्तात येते तिथे आणखी पैसे टाकतात. माझं सांगणं एवढंच आहे की ऑर्डर कुठून स्वस्तात येते हा अर्धाच हिशोब आहे. डबा पोचवून, गिऱ्हाईक पुन्हा आलं की नाही हे पाहून, शेवटी हातात किती उरतं ते भागवार काढलं तरच हद्द कुठे हवी ते कळतं. जाहिरातीचे आकडे त्यासाठी फार उपयोगी आहेत. फक्त ते एकटे वाचायचे नाहीत.

पिन आणि वर्तुळ, दोन्ही आपल्यासाठी आखलेली नाहीत

सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाला. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारं टपाल कार्यालय. मुंबईसाठी ४०० आणि त्यापुढे कार्यालयाचा क्रमांक. पत्रं गठ्ठ्यांत लावायला सोपी जावीत यासाठी ही रचना आहे. त्यामुळे शेजारचे आकडे म्हणजे शेजारचे भाग असं नसतं. कॉटन ग्रीन, काळाचौकी आणि घोडपदेव ४०००३३ मध्ये आहेत, त्यांना लागून असलेलं लालबाग ४०००१२ मध्ये आणि शिवडी ४०००१५ मध्ये.

शिवाय एकाच पिनमध्ये दोन निराळी जगं असू शकतात. ४०००१२ मध्ये लालबागच्या चाळी आणि मसाल्याचा बाजार आहे, तशीच परळची केईएम आणि टाटा रुग्णालयंही आहेत. चाळीतलं कुटुंब दर आठवड्याला मागवेल. रुग्णाचे नातेवाईक दोन दिवस मागवतील आणि गावी जातील. पिनच्या आकड्यात दोघांची सरासरी होते, आणि ती सरासरी दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

वर्तुळाचा दोष वेगळा आहे. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं : दोन किलोमीटरच्या वर्तुळात साडेबारा चौरस किलोमीटर बसतात, चार किलोमीटरच्या वर्तुळात पन्नास. जाहिरातीचं बजेट तेवढंच ठेवून त्रिज्या ‘थोडी’ वाढवली, तर तेच पैसे चौपट जागेवर पसरतात आणि ऑर्डरी एकमेकींपासून लांब पडतात. सरळ रेषेचं अंतर आणि रस्त्याचं अंतर यांतही फरक असतो. शिवडीच्या बाजूने निघणारा अटल सेतू आणि बंदरालगतचा ईस्टर्न फ्रीवे नकाशावर जवळचे दिसतात, पण दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. डबा नेणाऱ्या मुलासाठी ते रस्ते नाहीतच.

म्हणून पिन आणि वर्तुळ ही मोजमापाची साधनं म्हणून वापरा. हद्द त्यांच्यावरून थेट उचलू नका.

आधी नोंद नीट करा

गूगलच्या जाहिरातीत ठिकाणाच्या रकान्यात एकामागून एक पिन टाकता येतात, किंवा आपल्या पत्त्याभोवती वर्तुळ काढता येतं. वर्तुळाची त्रिज्या कमीत कमी एक किलोमीटर. दोन्ही एकाच मोहिमेत मिसळू नका. नाहीतर एकाच जागेवरचा क्लिक कधी पिनच्या नावे पडेल, कधी वर्तुळाच्या, आणि तुलना करता येणार नाही. पिन सुटे सुटे टाकले की प्रत्येकाची वेगळी ओळ मिळते : किती खर्च, किती क्लिक, किती ऑर्डरी.

ठिकाणाच्या पर्यायांत एक बदल पहिल्याच दिवशी करा. मुळात तिथे Presence or interest निवडलेलं असतं. म्हणजे लालबागमध्ये नसलेला, पण लालबागबद्दल शोधणारा माणूसही जाहिरात पाहतो. गणपतीच्या आधी लालबागचा शोध घेणारे लोक महाराष्ट्रभर असतात आणि त्यांच्या क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून जातात. तिथे Presence निवडा. मग त्या भागात असलेल्या किंवा नेहमी येणाऱ्या लोकांनाच जाहिरात दिसेल.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पिन टाकता येतात, नकाशावर टाचणी लावून वर्तुळही काढता येतं. पण तिथल्या अहवालात निकाल पिननिहाय फोडून मिळत नाहीत. तिथे प्रत्येक भागासाठी वेगळा जाहिरात-संच करा, किंवा भागवार वेगळा सवलतीचा शब्द द्या : लालबागला एक, शिवडीला दुसरा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गूगल दाखवतं ते ठिकाण क्लिक करताना माणूस जिथे होता ते असतं. डबा कुठे पोचवायचा ते नव्हे. लोअर परळच्या कचेरीत बसून दुपारी जाहिरात पाहणारी बाई रात्रीचं जेवण शिवडीच्या घरी मागवते. अहवालात ती ४०००१३ च्या नावावर जमा होते, तुमचा मुलगा मात्र ४०००१५ ला जातो. शिवाय फोनचं नेमकं ठिकाण मिळालं नाही तर क्लिक नुसत्या ‘मुंबई’वर पडतो. म्हणून ऑर्डर घेताना पिन आणि इमारतीचं नाव विचारणं सक्तीचं करा, आणि ‘आमच्याबद्दल कुठे कळलं’ हेही लिहून घ्या. खर्च जाहिरातीच्या अहवालातून घ्यायचा, ऑर्डर मात्र आपल्या वहीतल्या पत्त्यावरून मोजायची. दोन्ही आकड्यांत फार मोठी तफावत दिसली, तर त्या भागात काम करणारे लोक आणि राहणारे लोक वेगळे आहेत असं समजा.

वही एक्सेलमध्ये ठेवत असाल तर पिन B रकान्यात, आणि गिऱ्हाईक ‘नवे’ की ‘जुने’ हे E रकान्यात लिहा. मोजणी एका ओळीत होते :

```
=COUNTIFS(B:B,400012,E:E,"नवे")
```

गूगलवर दुकानाचा पत्ता जाहिरातीला जोडलेला असेल तर अंतरानुसार निकालही मिळू शकतात. ते वाचताना एक चूक सर्रास होते. ‘५ किलोमीटरच्या आत’ या ओळीत ‘१ किलोमीटरच्या आत’चे आकडेही धरलेले असतात. एक ते पाच किलोमीटरच्या पट्ट्याचा खरा निकाल हवा असेल तर मोठ्या आकड्यातून लहान वजा करा. न वजा करता पाहिलं तर जवळच्या चांगल्या ऑर्डरी लांबच्या पट्ट्याचं अपयश झाकतात.

एक उदाहरण, पूर्ण सोडवून

काळाचौकीच्या एका स्वयंपाकघराचा सहा आठवड्यांचा हिशोब पाहू. पद्धत कळावी म्हणून आकडे मी धरलेले आहेत. तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला.

एका ऑर्डरचं किराणा-भाजी, गॅस आणि डबा-पिशवी वजा जाता १२० रुपये उरतात. त्यातून पोचवण्याचा खर्च जायचा आहे. मुलाचा पगार आणि पेट्रोल मिळून तासाला १२० रुपये पडतात, म्हणजे मिनिटाला दोन. फेरीचा वेळ निघाल्यापासून परत येईपर्यंत धरायचा. त्यात जिना, लिफ्टची वाट आणि पहारेकऱ्याकडची नोंदही आली.

नुसता जाहिरातीचा अहवाल पाहिला तर लोअर परळ अव्वल आहे. तिथे ४,००० रुपयांत १०० नवी गिऱ्हाइकं मिळाली, म्हणजे माणशी ४० रुपये. लालबाग-परळला ६,६०० रुपयांत १२०, माणशी ५५. स्वतःच्या कॉटन ग्रीन-काळाचौकीत ६,००० रुपयांत १००, माणशी ६०. शिवडीला ३,६०० रुपयांत फक्त ४०, माणशी ९०. जाहिरातीचा अहवाल पाहणारा कोणीही म्हणेल : शिवडी बंद करा, पैसे लोअर परळला वळवा.

आता त्याच्या पुढच्या दोन गोष्टी जोडा. एका ऑर्डरमागे फेरीला किती वेळ लागला, आणि त्या गिऱ्हाइकाने सहा आठवड्यांत एकूण किती वेळा मागवलं. हिशोब असा : ऑर्डरींची सरासरी गुणिले (१२० वजा पोचवण्याचा खर्च), आणि त्यातून जाहिरातीचा खर्च एकदाच वजा.

| भाग | माणशी जाहिरात (₹) | फेरी (मिनिटं) | माणशी ऑर्डरी | माणशी उरले (₹) |
|---|---|---|---|---|
| ४०००१५ शिवडी | ९० | १८ | ३ | १६२ |
| ४०००३३ कॉटन ग्रीन | ६० | १६ | २ | ११६ |
| ४०००१२ लालबाग-परळ | ५५ | २४ | १.८ | ७५ |
| ४०००१३ लोअर परळ | ४० | ४४ | १.२ | तोटा, सुमारे २ |

क्रम पूर्ण उलटला. शिवडीचं गिऱ्हाईक महाग मिळतं, पण फेरी अठरा मिनिटांत होते, खर्च ३६ रुपये, आणि ते तीनदा मागवतं. लोअर परळला पूल आणि वाहतूक पार करून, मनोऱ्याच्या फाटकाशी थांबून परत यायला चव्वेचाळीस मिनिटं जातात, म्हणजे ८८ रुपये. एका ऑर्डरमागे ३२ रुपये उरतात आणि गिऱ्हाईक क्वचितच परत येतं. शंभर गिऱ्हाइकं मिळाली, पण कमाई शून्याच्या खाली. शिवाय त्या फेऱ्यांत गुंतलेला मुलगा काळाचौकीच्या ऑर्डरीला उशीर करतो. ते नुकसान या तक्त्यात दिसतही नाही.

सरासरी फोडा

लालबाग-परळच्या ७५ रुपयांवर थांबू नका. वहीतल्या इमारतींची नावं पाहून १२० गिऱ्हाइकांचे दोन गट केले : लालबागचे ७०, रुग्णालयांच्या बाजूचे ५०. लालबागची फेरी वीस मिनिटांची, माणशी २.२ ऑर्डरी. रुग्णालयांच्या बाजूची फेरी चौतीस मिनिटांची, कारण नातेवाईक फाटकापाशी येईपर्यंत मुलगा उभा असतो. आणि ऑर्डरी माणशी १.२४. हिशोब केला तर लालबागचं गिऱ्हाईक १२१ रुपये ठेवून जातं, रुग्णालयाच्या बाजूचं जेमतेम ९ ते १०.

एक पिन, पण आत दोन निकाल. पिन हद्दीबाहेर काढला असता तर लालबाग गेलं असतं. अख्खा ठेवला तर रुग्णालयाच्या बाजूवर जाहिरातीचे पैसे वाया जातात. इथे वर्तुळ कामाला येतं. पिन काढून वेगळ्या मोहिमेत लालबाग बाजाराजवळ टाचणी लावायची आणि एक किलोमीटरचं वर्तुळ घ्यायचं. ते वर्तुळ नको त्या भागावर थोडं चढेलच, पण आता आपल्याला कोणता भाग हवा आहे ते माहीत आहे.

हद्दीच्या रेषा शोधताना जुन्या डबेवाल्यांची पद्धत आठवा. त्यांच्या डब्यावरच्या खुणा उतरायचं स्टेशन, भाग आणि इमारत सांगतात. कुठून चढायचं, कुठे उतरायचं आणि पुढे कोणी न्यायचं, या वाटेवर त्यांचा सगळा कारभार चालतो. तुमचीही हद्द पुलांवर, फाटकांवर आणि मोठ्या रस्त्यांवर थांबेल.

थोड्या आकड्यांवर निवाडा नको

समजा माझगावला वीस क्लिक झाले आणि एकही ऑर्डर आली नाही. भाग बंद करायचा का? तुमच्याकडे साधारण शंभर क्लिकमागे पाच गिऱ्हाइकं येत असतील, तर माझगाव अगदी तसंच चांगलं असूनही वीस क्लिकांत शून्य यायची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. त्या शून्यातून काहीच कळत नाही. साठ क्लिकांनंतरही शून्यच असेल, तर नुसत्या योगायोगाने तसं होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत येते. तेव्हा कुठे संशय घ्यायला जागा आहे.

माणशी ऑर्डरींचा आकडा तर आणखी हलतो. भागात तीस-चाळीस गिऱ्हाइकं होईपर्यंत त्यावर निर्णय घेऊ नका, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला पुन्हा मागवायला निदान तीन आठवडे द्या. आकडे फारच थोडे असतील तर सारख्या वाटेवरचे दोन भाग एकत्र मोजा. आमच्या उदाहरणातही शिवडीची गिऱ्हाइकं चाळीसच आहेत. म्हणून तिथला खर्च आधी दीडपट करून पाहावा, एकदम तिप्पट नको.

कोणते दिवस मोजायचे हेही पाहा. गणेशोत्सवात लालबागचे रस्ते गर्दीने आणि बंदोबस्ताने बदलून जातात. फेरीचा वेळ दुप्पट होतो आणि ऑर्डरी एरवीच्या नसतात. ते दिवस हिशोबातून वेगळे काढा. पूल बंद झाला तर जुने आकडे बाद समजा. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला आणि तिथली वाहतूक टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर आली. त्याआधी मोजलेला लोअर परळच्या फेरीचा वेळ त्यानंतर खरा राहिला नाही. अशा वेळी जाहिरातीचा निकाल तोच दिसतो, पण फेरी महागलेली असते.

भाग काढून टाकण्याआधी अट बदलून पाहा

लोअर परळ लगेच काढू नका. तिथे मागणी आहे. तोटा होतो तो एकेका डब्यासाठी वेगळी फेरी मारल्यामुळे. कचेरीचं जेवण सकाळी अकरापर्यंत नोंदवायचं आणि साडेबाराला एकच फेरी, अशी अट घालून पाहा. चार डबे एका फेरीत गेले आणि थांबे वाढून ती चौसष्ट मिनिटांची झाली, तरी डब्यामागे सोळा मिनिटं पडतात, म्हणजे ३२ रुपये. मग तेच गिऱ्हाईक, तेवढ्याच १.२ ऑर्डरी देऊन, सुमारे ६६ रुपये ठेवून जातं. जाहिरात मात्र त्या भागात सकाळी आठ ते अकराच दाखवायची, आणि तिच्यात वेळेची अट स्पष्ट लिहायची.

ही परीक्षा चार आठवडे घ्या. फेरीत सरासरी तीनपेक्षा कमी डबे जात असतील तर हिशोब पुन्हा मांडा. दोनच डबे आणि पन्नास मिनिटं असतील, तर डब्यामागे ५० रुपये जातात आणि उरतात ४४. तरीही नफा आहे, पण तेवढ्या वेळात मुलगा काळाचौकीत तीन फेऱ्या करतो. त्या फेऱ्यांना ऑर्डरी वाट पाहत असतील तर लोअर परळ सोडा. रिकामा बसत असेल तर ठेवा.

अशा रीतीने प्रत्येक भाग तीनपैकी एका खान्यात बसतो. दिवसभर सेवा देण्याचा भाग : इथे कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडी, लालबाग. ठरावीक वेळी किंवा किमान रकमेवर सेवा देण्याचा भाग : लोअर परळ. आणि जिथे जाहिरात दाखवायची नाही, पण कोणी स्वतःहून मागवलं तर पोचवण्याचा खर्च घेऊन द्यायचं, असा भाग : रुग्णालयांची बाजू.

नवी हद्द सगळीकडे एकच लिहा

पूर्ण सोडलेले पिन नुसते यादीतून काढणं पुरत नाही. गूगलमध्ये ते ‘वगळलेली ठिकाणं’ म्हणूनही टाका. गूगलवरच्या दुकानाच्या माहितीत सेवेचा भाग त्रिज्येने देता येत नाही. तिथे भागांची नावं किंवा पिन द्यावे लागतात आणि जास्तीत जास्त वीसच चालतात. तेव्हा ती यादी नव्या हद्दीशी जुळवा. व्हॉट्सअॅपचा ठरलेला निरोप, पिशवीवरचा छापील मजकूर आणि फोन घेणाऱ्या माणसाच्या टेबलावरचा कागद, यांवरही तीच हद्द असू द्या. सोडलेल्या भागातल्या जुन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना तोडू नका. त्यांच्यावर आता जाहिरातीचा खर्च होत नाही, त्यामुळे त्यांचा हिशोब वेगळा आहे.

आणि एक वही आणखी ठेवा : नाही म्हटलेल्या ऑर्डरींची. हद्दीबाहेरून फोन आला की पिन, इमारत आणि वेळ लिहायची. जाहिरात बंद केलेल्या भागाबद्दल जाहिरातीचा अहवाल काहीच सांगत नाही, त्यामुळे बाहेर मागणी वाढते आहे हे कळायचा हा एकच मार्ग उरतो. दर तीन महिन्यांनी, शिवाय पूल उघडला किंवा बंद झाला की, ती वही आणि फेरीचे वेळ शेजारी ठेवून हद्द पुन्हा तपासा. एका पुलापलीकडून आठवड्याला आठ-दहा जण मागत असतील आणि त्यांच्या इमारती एकाच रस्त्यावर असतील, तर रेषा तिथवर पुढे सरकवून चार आठवडे पाहा.